सोळाच्या खालचा काळोख

‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० साली आला, आणि तो पुण्यात तयार झाला. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने तो केला. २०१७ मध्ये त्यांनी त्यासाठी लोकवर्गणीचा प्रयत्न केला होता, तो फसला. तरीही त्यांनी खेळ पुरा केला. राजी ही जत्रेत कसरती करणारी मुलगी. तिचा धाकटा भाऊ गोलू बाहुल्यांचे खेळ करतो. असुर मुलांना पळवून नेतात, त्यात गोलूही जातो, आणि दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन राजी त्याच्या शोधात निघते. वाटेत भिंतींवर चित्रं लागतात. तिथे थांबलं की दुर्गा आणि विष्णू त्या चित्रांची गोष्ट सांगतात. कथेचे मधले दुवे तर चक्क छायाबाहुल्यांनी सांगितले आहेत. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना ओळखीचं वाटेल असं ते दृश्य आहे.

माझ्या सांगलीच्या भाचीचं मत मात्र वेगळं होतं. दहावीच्या सुट्टीत ती हा खेळ खेळत होती. “मावशी, सगळे म्हणतात ग्राफिक्स भारी आहेत. मला तर निम्मं दिसतच नाही गं. नुसता काळोख आणि त्यात भडक रंग.” तिचं दुसरं दुखणं असं की ती सारखी पडत होती. या खेळात कॅमेरा आपल्या हातात नसतो. खेळ दाखवेल त्याच कोनातून बघायचं. त्यामुळे पुढचा कठडा अंधारात गेला तर मान वळवून बघायची सोय नाही. उडी अंदाजाने मारायची, आणि तो अंदाज बहुतेक वेळा चुकायचा. आपले हातच चालत नाहीत, असं तिने ठरवून टाकलं होतं.

तिचा कॉम्प्युटर जुना, पण एक बरं ग्राफिक्स कार्ड असलेला. मॉनिटर मिरजेच्या काकांकडून आलेला. काकांनी मोठा टीव्ही घेतला तेव्हा हा रिकामा झाला आणि पुतणीकडे आला. केबल एचडीएमआयची. लावला, लागला, चित्र आलं. त्यापुढे कोणी त्याच्याकडे बघायचं कारणच नव्हतं. डेस्कटॉप नीट दिसत होता, यूट्यूब नीट दिसत होतं, आजीच्या साठीचे फोटो तर छानच दिसत होते. पुढचा सगळा घोळ समजून घ्यायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

काळोख घालवायला तिने दोन उपाय केले. पहिला, मॉनिटरचा ब्राइटनेस शंभरवर. त्याने काळोख करडा झाला, पण त्यात काही उगवलं नाही. ब्राइटनेसचं बटण एलसीडी मॉनिटरमध्ये मागच्या दिव्याचा जोर वाढवतं. दोन ठिपक्यांना मॉनिटर जर मुळात एकच काळा समजत असेल, तर दिवा कितीही मोठा केला तरी ते दोन्ही सारखेच उजळतात. त्यांच्यातला फरक परत येत नाही. दुसरा उपाय एका मैत्रिणीने सुचवलेला : ग्राफिक्स कार्डच्या कंट्रोल पॅनलमध्ये गॅमा वाढवायचा. तो तिने १ वरून १.४ वर नेला. यामुळे कठडे थोडे दिसायला लागले; मात्र सगळं चित्र दुधात पाणी घातल्यासारखं झालं. पडणं कमी झालं, पण खेळ आणखीच कुरूप दिसू लागला. तिने ते चालवून घेतलं.

उलगडा झाला तो मदत मागताना. एका जागी अडकली म्हणून तिने स्क्रीनशॉट काढून मैत्रिणीला फोनवर पाठवला. मैत्रिणीचं उत्तर आलं, “डावीकडची नक्षी आहे ना, तिच्या खालून जा.” हिच्या स्क्रीनवर डावीकडे नक्षी नव्हती. काळी भिंत होती. मैत्रीण चेष्टा करते आहे असं वाटून हिने तोच स्क्रीनशॉट आपल्या फोनवर उघडला. नक्षी होती. खाली पुढे आलेला कठडाही होता, आणि भिंतीच्या सावलीत निळसर दगड होते. मग तिने फोन मॉनिटरसमोर धरून त्याच दृश्याचा फोटो काढला. फोटोत पुन्हा काळी भिंत.

हे तिने स्वतःहून केलं याचं मला कौतुक वाटतं, कारण निदानाची निम्मी वाट इथेच संपते. स्क्रीनशॉट काढला जातो कॉम्प्युटरच्या आत, चित्र केबलमध्ये शिरण्याआधी. मॉनिटरला त्याचा पत्ताही नसतो. कार्डवर वाढवलेला गॅमासुद्धा बहुधा त्यात उतरत नाही. तेव्हा स्क्रीनशॉटमध्ये जे आहे आणि मॉनिटरवर जे नाही, ते खेळाने काढलेलं आहे आणि वाटेत हरवलेलं आहे. खेळ निर्दोष ठरला. तिचे हातही. आता संशय उरला कार्डाच्या दारापासून मॉनिटरच्या काचेपर्यंतच्या प्रवासावर.

पुण्यात माझ्या ओळखीचे एक कलरिस्ट आहेत. चित्रपटांचे रंग जुळवण्याचं काम ते करतात. त्यांना फोन लावून मी दोघांना जोडून दिलं आणि ऐकत बसले. त्यांनी कोणतंही यंत्र मागवलं नाही. म्हणाले, “पेंट उघड. पूर्ण काळा कागद कर. त्यावर सहा चौकोन काढ. पहिल्याचा रंग लाल चार, हिरवा चार, निळा चार. दुसऱ्याचा तिन्ही आठ. मग बारा, सोळा, वीस, चोवीस. तसंच पांढऱ्या कागदावर : २५१, २४७, २४३, २३९, २३५, २३१. आणि मला सांग, किती दिसतात.”

या आकड्यांना थोडी जागा द्यायला हवी. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे तीन आकडे, लाल, हिरवा आणि निळा यांचे, प्रत्येक ० ते २५५ मधला. कॉम्प्युटरच्या हिशेबात शून्य म्हणजे पूर्ण काळा आणि २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. चार आणि शून्य यांच्यात फरक अगदी पुसट असतो, पण ठीक लावलेल्या मॉनिटरवर अंधाऱ्या खोलीत तो डोळ्यांना कळतो.

भाचीने पाहून सांगितलं, “काळ्यावर चारचा नाही दिसत. बाकी पाचही दिसतात. आठचा जरा पुसट आहे.” मला वाटलं, म्हणजे सगळं ठीकच आहे की. “आणि पांढऱ्यावर?” “एकही नाही काका. कागद कोरा आहे.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग प्रश्न आला, “गॅमाला हात लावलाय का?”

त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते त्यांनी नंतर मला समजावलं. गॅमा वाढवला की मधले आकडे वर ढकलले जातात, पण शून्य शून्यच राहतो आणि २५५ हा २५५ च राहतो. पांढऱ्याजवळचे आकडे जवळजवळ येतात, तरी एकमेकांत पूर्ण मिसळून जात नाहीत. म्हणून नुसत्या गॅमाने पांढऱ्या कागदावरचे सहाच्या सहा चौकोन गायब होणं शक्य नाही. कुठेतरी कात्री लागते आहे. आणि काळ्या बाजूला ती दिसत नाही, याचा अर्थ तिथे दुसरं कोणीतरी ती झाकतं आहे.

गॅमा परत १ वर आणला आणि पुन्हा पाहिलं. आता काळ्या कागदावर चार, आठ, बारा, सोळा हे चौघेही नाहीत. वीसचा पुसट, चोवीसचा जरा स्पष्ट. पांढऱ्यावर २३१ चा तेवढा दिसतो, २३५ पासून वरचे सगळे गडप.

“सोळा आणि दोनशे पस्तीस,” कलरिस्ट म्हणाले. “आता आणखी काही तपासायला नको. मॉनिटर स्वतःला टीव्ही समजतोय.”

हे दोन आकडे आले कुठून, त्याची गोष्ट १९८२ मधली आहे. टीव्हीचं ॲनालॉग चित्र आकड्यांत कसं बदलायचं याचे नियम त्या वर्षी आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरले. आजही ते ‘६०१’ या क्रमांकाने ओळखले जातात. ॲनालॉग सिग्नल काटेकोर नसतो. काळ्याची पातळी थोडी वरखाली सरकते, आणि एकदम काळ्यावरून पांढऱ्यावर उडी घेताना सिग्नल नेमक्या जागी न थांबता जरा पुढे जाऊन मागे येतो. शून्यालाच काळा मानलं, तर त्याखाली घसरलेला भाग तिथल्या तिथे छाटला जाईल आणि चित्र बिघडेल. म्हणून नियम करणाऱ्यांनी दोन्ही टोकांना मोकळी जागा ठेवली. काळा १६ वर, पांढरा २३५ वर. पुढे टीव्ही डिजिटल झाला, डीव्हीडी आली, सेट-टॉप बॉक्स आले. ॲनालॉगची ती अडचण मागे पडली तरी आकडे तसेच राहिले. कॉम्प्युटरच्या पडद्याला हा इतिहास नव्हता. त्याने पहिल्यापासून ० ते २५५ अशी पूर्ण पट्टी वापरली.

दोन्ही जगं आपापल्या केबलवर होती तोवर भांडण नव्हतं. कॉम्प्युटरला व्हीजीए, टीव्हीला वेगळ्या तारा. डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआयचं पहिलं मानक आलं आणि एकाच खोबणीत दोघेही शिरू लागले. आता मॉनिटरला कळायला हवं की आलेला सोळा म्हणजे टीव्हीचा काळा की कॉम्प्युटरचा गडद करडा. चित्रासोबत तशी सूचना पाठवायची सोय मानकात आहे. पाठवणाऱ्याने ती पाठवली आणि घेणाऱ्याने ती वाचली, तर सगळं सुरळीत चालतं. पण सूचना न पाठवणारी जुनी यंत्रंही आहेत आणि ती न वाचणारे पडदेही. शिवाय बऱ्याच मॉनिटरवर ही गोष्ट हाताने ठरवून टाकता येते. एकदा ठरवली की मग तो कुणाचंच ऐकत नाही.

हिशेब साधा आहे. टीव्हीचं चित्र येतंय असं समजून मॉनिटर प्रत्येक आकड्यातून १६ वजा करतो आणि उरलेलं सुमारे १.१६ पटीने ताणतो, म्हणजे १६ चा शून्य होतो आणि २३५ चा २५५. खरोखर टीव्हीचं चित्र असेल तर हे अगदी बरोबर. पण ‘राजी’मधल्या सावलीतल्या भिंतीचे दगड ९, १२, १४ अशा आकड्यांचे असतील तर ते सगळे शून्य होतात. तिन्ही रंगांना हीच वागणूक स्वतंत्रपणे मिळते, त्यामुळे भडकपणाही येतो. लाल १०, हिरवा १४, निळा ४० असा रात्रीचा संयत निळसर रंग घ्या. ताणल्यावर लाल आणि हिरवा शून्य, निळा २८. रंगातला संयम गेला, उरला निव्वळ निळा. मशालीच्या ज्वाळेचंही तसंच : २४० ते २५५ मधल्या पिवळ्या-पांढऱ्या छटा एकत्र होऊन ज्वाळेच्या जागी पांढरा डाग.

आणि मध्ये? ५० चा ४० होतो, १५० चा १५६. ११३ च्या आसपासचा आकडा तर जिथल्या तिथे राहतो. उजेडात काढलेले माणसांचे फोटो, आकाश, कपडे, डेस्कटॉपचे आयकॉन यांचा बहुतेक भाग या मधल्या पट्ट्यातच असतो. तिथे ही चूक फक्त चित्र जरा ठसठशीत करते, आणि ठसठशीत चित्र माणसाला आवडतं. आजीचे फोटो छान दिसत होते ते यामुळेच. दोष इतके दिवस लपून राहिला तो याच कारणाने, आणि बाहेर पडला तो अंधारात चालणाऱ्या खेळामुळे. भाची बागेत खेळायचा एखादा खेळ खेळत असती, तर तो मॉनिटर तसाच कॉलेजपर्यंत तिच्यासोबत गेला असता.

गॅमाने काय घोळ घातला तेही आता कळतं. १.४ गॅमाने १० चा २५ होतो. मॉनिटर त्यातून १६ कापून ताणतो, आणि परत साधारण १० च उरतो. गडद भागापुरती एक चूक दुसरीने जवळजवळ फेडली. पाच आणि त्याखालचे आकडे मात्र वर ढकलूनही पंधराच्या पुढे जात नाहीत, ते गेलेच. मधला १२८ मात्र आधी १५६ होतो आणि मग १६३. म्हणून चित्र पांचट. पेंटमधली पहिली चाचणी जवळजवळ फसवून गेली तीही याच हातमिळवणीमुळे. कलरिस्टांनी पांढरा कागद मागितला नसता तर आम्ही फोन ठेवला असता.

असा दोष उलटाही असतो. कॉम्प्युटर टीव्हीसारखं १६ ते २३५ पाठवतो आणि मॉनिटर पूर्ण पट्टी समजून घेतो. तेव्हा काहीच कापलं जात नाही. काळा करडा दिसतो, पांढरा मळका. १०८० रेषांचं चित्र हे टीव्हीचंही ठरलेलं माप असल्याने, एचडीएमआयवर मॉनिटर दिसला तरी समोर टीव्ही आहे असं काही ग्राफिक्स कार्डं धरून चालतात. त्यावेळी दुरुस्ती कार्डाच्या कंट्रोल पॅनलमध्ये करायची असते. तिथे Output dynamic range किंवा तत्सम नावाखाली Limited च्या जागी Full निवडायचं. धुरकट चित्र दिसलं तर आधी तिकडे बघावं. भाचीच्या कार्डावर ते Full च होतं.

म्हणजे मॉनिटरच. त्याच्या खालच्या कडेला पाच बारीक बटणं होती. चित्राच्या पानावर ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, रंग होते. तिने ती सगळी पूर्वी फिरवलेली. हवी ती ओळ त्या पानावर नव्हतीच. ती होती इनपुटच्या पानावर : RGB Range. पर्याय तीन : Auto, Full, Limited. खूण Limited वर. काही टीव्हींवर हीच गोष्ट HDMI Black Level या नावाने असते, म्हणून शोधणाऱ्याच्या नजरेतून ती सहज सुटते.

तिने Full केलं. पेंटमध्ये आठ, बारा, सोळा हजर झाले. पांढऱ्या बाजूला सहाही दिसले. चारचा दुपारी दिसला नाही, कारण खिडकीतून काचेवर पडणारा उजेडच त्या फरकापेक्षा जास्त होता. रात्री दिवे मालवल्यावर तोही दिसला. मागचा दिवा शंभरवरून चाळिशीवर आणला. शंभरवर रात्री डोळे दुखत होते, हेही तिने तेव्हा कबूल केलं.

मग ‘राजी’. पहिली प्रतिक्रिया आनंदाची असेल असं मला वाटलं होतं. “मावशी, हे फिकं वाटतंय,” असा तिचा फोन आला. इतके दिवस ताणलेले रंग बघितल्यावर खरे रंग मिळमिळीत वाटणारच. कलरिस्टांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की दोन-तीन संध्याकाळी काही बदलू नकोस, डोळे बसू देत. तिने ऐकलं. शिवाय तिने खेळ जिथे होता तिथून पुढे नेला नाही, सुरुवातीपासून लावला. छायाबाहुल्यांच्या प्रसंगात आजवर तिला नुसत्या काळ्या आकृत्या दिसत होत्या. आता त्यांच्या आतलं कोरीवकाम दिसायला लागलं. भिंतीवरची चित्रं पूर्वी गोष्ट ऐकायच्या जागा होत्या, आता ती थांबून बघू लागली. मशालीच्या ज्वाळेला आकार आला. जिथून ती सारखी पडायची तिथल्या कठड्याची कड तिला पहिल्यांदाच दिसली. “कड दिसते तेव्हा उडी कधी मारायची हे कळतं,” ती म्हणाली. त्यानंतरही ती तिथून दोनदा पडली, पण त्याचं खापर आता मॉनिटरवर फोडता येत नव्हतं.

Limited कुणी केलं होतं, हा प्रश्न उरला होता. तो मिरजेला सुटला. काका हा मॉनिटर सेट-टॉप बॉक्सला जोडून बातम्या बघत. जुना बॉक्स काहीच सूचना पाठवत नसावा; मॉनिटर त्याचं चित्र कॉम्प्युटरचं समजायचा आणि बातम्या धुरकट दिसायच्या. केबलवाल्या मुलाने बटणं दाबून Limited केलं आणि चित्र खणखणीत झालं. त्या बॉक्ससाठी ते अगदी बरोबर होतं. मॉनिटर घर बदलून आला, पण ती खूण तशीच राहिली. हातात आलेला जुना मॉनिटर जोडण्यापूर्वी त्याच्या मेन्यूतून सगळं मूळ पदावर आणलं असतं, म्हणजे Reset केलं असतं, तर बहुधा हा लेख लिहायची वेळ आली नसती.

गणपतीत काका सांगलीला आले. त्यांचा मोठा टीव्ही दुरुस्तीला गेला होता, म्हणून सामना बघायला ते बॉक्सच घेऊन आले आणि मॉनिटरच्या दुसऱ्या एचडीएमआय खोबणीत जोडला. मैदान धुरकट दिसू लागलं.

“काय केलंस गं याला?” काकांनी विचारलं. “माझ्याकडे किती छान दिसायचा!”

“थांबा काका, तुमचा बॉक्स काही सांगत नाही ना,” ती म्हणाली आणि मेन्यू उघडला. हा मॉनिटर प्रत्येक खोबणीची निवड वेगळी लक्षात ठेवतो, हे तिने एव्हाना शोधून काढलं होतं. पहिल्या खोबणीला Full, दुसरीला Limited. मैदान हिरवंगार झालं. काका सामन्यात रमले, आणि ती पहिल्या खोबणीकडे परत जाण्यासाठी विसाव्या षटकाची वाट बघत बसली.